टकटक करणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क: काय करून बघायचं आणि कुठे थांबायचं

लग्नसराई उरकत आली की सांगलीत फोटोग्राफर मंडळींच्या हार्ड डिस्क दुरुस्तीला यायला लागतात. सीझनभर एकच पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्या बॅगेतून, गाडीच्या डिकीतून, एडिटिंगच्या टेबलावरून फिरलेली असते. मग एक दिवस ती जोडली की टक, टक, टक असा आवाज येतो. लाइट लागतो, पण स्क्रीनवर ड्राइव्ह काही दिसत नाही. घेऊन येणारा बहुतेक वेळा हेच सांगतो, "रात्रभर लावून ठेवली होती, म्हटलं कधीतरी उचलेल." डिस्क पडली तेव्हा जेवढं बिघडलं नव्हतं तेवढं पुष्कळदा त्या रात्री बिघडतं.

हा लेख त्या नेहमीच्या अडीच इंची, युएसबी वायरवर चालणाऱ्या डिस्कबद्दल आहे. पेन ड्राइव्ह किंवा एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे त्यांचं दुखणं वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या डिस्कही वेगळ्या. भिजलेली डिस्क वाळवून जोडून बघायची नसते, ती तशीच पिशवीत घालून तज्ज्ञाकडे द्यायची असते.

आवाज कुठून येतो

डिस्कच्या आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्यावर हाताच्या टोकाला बसवलेली हेडं फिरतात. चकती फिरताना तयार होणाऱ्या हवेच्या थरावर हेड तरंगतं, आणि दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर असतं. धुळीचा साधा कण त्यापेक्षा कितीतरी मोठा. डिस्क बंद असताना हेडं चकतीबाहेर एका प्लास्टिकच्या उतारावर टेकवलेली असतात.

करंट मिळाला की मोटर वेग घेते, हेडं चकतीवर येतात आणि दोन गोष्टी शोधतात. एक म्हणजे जागा ओळखायच्या खुणा, आणि दुसरी डिस्कचं स्वतःचं प्रोग्रामिंग, जे चकतीवरच एका राखीव पट्ट्यात लिहिलेलं असतं. हे वाचता आलं नाही की हात परत मागे जातो आणि पुन्हा येतो. ती मागे जाण्याची धडक म्हणजे आपल्याला ऐकू येणारा टक. काही वेळा प्रयत्न करून मोटर थांबते किंवा सगळं पहिल्यापासून सुरू होतं. राखीव पट्टा वाचला जात नाही तोवर डिस्क कॉम्प्युटरला स्वतःची ओळखच सांगू शकत नाही, म्हणून ती दिसत नाही.

म्हणजे टकटक हा रोग नाही, लक्षण आहे. हेड वाकलेलं किंवा मेलेलं असेल तरी तोच आवाज, राखीव पट्टा खराब असेल तरी तोच, आणि नुसता करंट कमी पडत असेल तरी जवळपास तोच. या तिन्हींपैकी घरी सुटणारं कारण एकच, शेवटचं. बाकीच्या दोन्हींत डिस्क जितका वेळ चालू राहील तितकी दुखावलेली हेडं चकतीवरून फिरत राहतात. चकतीवरचा चुंबकीय थर खरवडला गेला की तिथला डेटा पुण्या-मुंबईतली काय, जगातली कुठलीच लॅब परत आणू शकत नाही. तो थरच उरलेला नसतो.

आधी वायर काढा

आवाज आला की डिस्क काढून ठेवा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहा. पडली होती का, आणि पडली तेव्हा चालू होती का? शेवटची कधी नीट चालली? आवाज कसा आहे? आणि आवाज आल्यापासून ती अंदाजे किती वेळ चालू होती? पुढे लॅबवाला हेच विचारतो, आणि तोवर आपण निम्मं विसरलेलो असतो.

इथेच पहिला निर्णय होतो. डिस्क चालू असताना पडली असेल आणि त्यानंतरच टकटक सुरू झाली असेल, तर खालची करंटची तपासणीसुद्धा करू नका. अशा डिस्कमध्ये हेडाला मार लागल्याची शक्यता एवढी मोठी असते की आणखी एकदा चालू करून कळणार काही नसतं, जाईल ते मात्र बरंच. थेट शेवटच्या भागाकडे वळा.

करंट पुरतोय का

न पडलेली डिस्क अचानक टकटक करू लागली, विशेषतः जुन्या लॅपटॉपवर किंवा हबमधून जोडल्यावर, तर हे एकदा तपासण्यासारखं आहे. युएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, युएसबी ३ च्या पोर्टने ९००. पोर्टेबल डिस्कची मोटर थांबलेल्या अवस्थेतून वेग घेते तेव्हा काही क्षण तिला एक अँपिअरच्या आसपास लागतो. पोर्ट झिजलेला, वायर लांब किंवा आतून तुटत आलेली, मध्ये हब, असं जुळून आलं की मोटर पूर्ण वेग घेत नाही, हेडं मागे जातात आणि टक वाजतं.

डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर मागच्या बाजूचा, थेट मदरबोर्डवरचा निळा पोर्ट घ्या. पुढच्या पोर्टला आतून आणखी एक वायर गेलेली असते, तिच्यात व्होल्टेज पडतं. डिस्कची वायर बदला. ती रुंद, दोन खाचांची युएसबी ३ पिन बाजारात कुठेही मिळते, फक्त वायर आखूड घ्या. दोन तोंडांची वाय केबल असेल तर उत्तम, ती दोन पोर्टमधून करंट घेते. साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतो, तिथे संशय आधी त्या अडॅप्टरवर घ्या.

डिस्क टेबलावर सपाट ठेवा, जोडा आणि कान जवळ नेऊन ऐका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला तर आणखी बरं. अर्ध्या मिनिटात कळतं. मोटरचा एकसारखा घूं असा आवाज येऊन टकटक थांबली, तर करंटच कमी पडत होता. मोटर नीट फिरतेय आणि तरी ठरावीक लयीत टक, टक, टक चालूच, तर हेडाकडचं काम आहे. आणि मोटर फिरतच नाही, नुसती बारीक पीं-पीं किंवा कुरकुर येते, तर हेडं चकतीला चिकटलीत किंवा मोटर जाम आहे. ही तिसरी डिस्कही लगेच काढायची. तिची चकती जबरदस्तीने फिरली तर चिकटलेली हेडंच तुटून येतात.

एक चांगला पोर्ट आणि एक चांगली वायर एवढीच ही तपासणी. घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर, मग टीव्हीवर, मग शेजाऱ्यांकडे, असं फिरवायचं नाही.

स्क्रीनवर काय दिसतं

त्याच अर्ध्या मिनिटात विंडोजमध्ये विंडोज आणि आर बटण दाबून हे उघडून बघा:

```
diskmgmt.msc
```

खालच्या भागात डिस्क तिच्या खऱ्या आकारासह दिसत असेल तर तिचं प्रोग्रामिंग वाचलं गेलंय, ही चांगली खूण. नाव दिसतं पण आकार नाही, किंवा `No Media` लिहिलंय, तर डब्यातलं युएसबीचं सर्किट जागं आहे आणि त्याच्यामागची डिस्क बोलत नाहीये. काहीच नसेल तर तेही उत्तरच आहे.

इथे `Initialize Disk` अशी खिडकी आपोआप वर येते आणि माणूस सवयीने ओके दाबतो. कॅन्सल करा. `You need to format the disk` आलं तरी तेच. आणि `chkdsk` तर अजिबात चालवू नका. ती फायली वाचवण्यासाठी नाही, फाइल सिस्टिम जुळवून घेण्यासाठी आहे, आणि जुळवताना न वाचता आलेल्या नोंदी सरळ काढून टाकते. रिकव्हरीची जी सॉफ्टवेअर मिळतात त्यांचंही एक समजून घ्या. डिस्क सिस्टिमला दिसत असेल तरच ती काही वाचू शकतात. न दिसणाऱ्या डिस्कसाठी लायसन्स विकत घेणं म्हणजे पैसे कृष्णेत सोडणं.

करंटचाच प्रॉब्लेम निघाला तर

टकटक थांबली, आकार बरोबर दिसतोय. आता फोल्डर उघडून कॉपी-पेस्ट करायचा मोह होतो. नवीन वायरवर डिस्क अगदी पहिल्यासारखी चालत असेल, फोल्डर झटकन उघडत असतील, तर तसं करायला हरकत नाही. महत्त्वाचं आधी घ्या. पण फोल्डर उघडायला मिनिट लागतंय, कॉपी मध्येच अडकतेय, अशी लक्षणं असतील तर कॉपी-पेस्ट चुकीचं. विंडोज अडकलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसतं, आणि पाठीमागे अँटिव्हायरस आणि इंडेक्सिंगही त्याच डिस्कवर चालू असतं.

त्याऐवजी आख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिच्यातलं सगळं जसंच्या तसं एकाच मोठ्या फाइलमध्ये, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवा, नेट जोडा. आधी डिस्क आपोआप उघडणं बंद करा, मगच ती जोडा:

```
gsettings set org.gnome.desktop.media-handling automount false
sudo add-apt-repository -y universe
sudo apt update
sudo apt install gddrescue
lsblk -o NAME,SIZE,MODEL
```

शेवटच्या कमांडने कुठली डिस्क कुठल्या नावाने आहे ते कळतं. ते दोनदा वाचा. समजा आजारी डिस्क `sdb` आहे. प्रत ठेवायची डिस्क आजारी डिस्कच्या पूर्ण क्षमतेपेक्षा मोठी हवी, आत डेटा कितीही कमी असला तरी. शिवाय ती एफएटी ३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. प्रत ठेवायची डिस्क फाइल्समध्ये क्लिक करून उघडा, आणि तिच्या फोल्डरमध्ये राइट-क्लिकने टर्मिनल उघडून:

```
sudo ddrescue -d -n /dev/sdb junya.img junya.map
```

हा प्रोग्राम सहज वाचता येणारं आधी उचलतो, अडणारी जागा सोडून पुढे उडी मारतो आणि कुठे काय राहिलं ते `map` फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्यामुळे `Ctrl+C` दाबून मध्येच थांबवता येतं आणि तीच कमांड पुन्हा दिली की तिथून पुढे चालू होतं. स्क्रीनवर `rescued` चा आकडा वाढतोय तोवर बोलायचं नाही. वेग पडून काही केबीवर आला, शेवटचं यशस्वी वाचन होऊन बराच वेळ गेला, किंवा पुन्हा टक ऐकू आलं, तर थांबवा. सोडलेल्या जागांवर दुसरी फेरी मारायची असते:

```
sudo ddrescue -d -r1 /dev/sdb junya.img junya.map
```

ही फेरी डिस्कला पहिलीपेक्षा जड जाते. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं आलं असेल आणि उरलेलं फार मोलाचं नसेल तर मी ती करत नाही. पुढचं सगळं काम, म्हणजे फायली शोधणं, उडालेलं परत आणणं, त्या `junya.img` वर करायचं. `photorec` सारखा प्रोग्राम थेट त्या प्रतिमेवर चालतो. फक्त तो फायलींची मूळ नावं देत नाही, त्यामुळे आधी प्रतिमा साधी उघडते का ते बघावं. मूळ डिस्क कपाटात.

मोटर नीट, करंट नीट, आकारही दिसतोय, पण टकटक अधूनमधून चालूच आहे, असा एक मधला प्रकार असतो. यात माझं मत सरळ आहे. डेटा गेला तर चालेल असं मनापासून म्हणू शकत असाल तर वरची पहिली फेरी मारून बघा. नसाल तर नका.

डबा उघडून आतली डिस्क काढली तर?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि अर्धा खरा आहे. बऱ्याच डिस्कच्या डब्यात लॅपटॉपमध्ये बसते तशीच साधी साटा डिस्क आणि तिच्या टोकाला युएसबीचं छोटं सर्किट असतं. ते सर्किट किंवा त्याची पिन गेली असेल तर आतली डिस्क काढून थेट साटावर लावली की चालते. पण अशा वेळी टकटक नसते. डिस्क शांतपणे फिरत असते आणि दिसत नसते. टकटक करणाऱ्या डिस्कचा डबा बदलून हेड बरं होत नाही.

दुसरी अडचण अशी की काही पोर्टेबल मॉडेलांत युएसबीची पिन थेट डिस्कच्याच बोर्डवर असते, साटाची जागाच नसते. काहींत पासवर्ड ठेवलेला नसतानाही ते सर्किट डेटा सांकेतिक करून लिहितं, त्यामुळे डिस्क वेगळी काढली की कोरी असल्यासारखी दिसते. डबा उघडलाच असेल तर ते छोटं सर्किट फेकू नका, डिस्कबरोबर द्या.

डब्याच्या आतल्या धातूच्या डिस्कच्या स्क्रूंना मात्र कोणीही हात लावायचा नाही. हेडं बदलायचं काम गाळलेल्या हवेच्या कक्षात होतं. घरात पंख्याखाली झाकण उघडून ‘फक्त बघून’ पुन्हा लावलेली डिस्क लॅब एक तर घेत नाहीत किंवा तिचे जास्त पैसे लावतात. फ्रीझरमध्ये ठेवणं, चापट मारणं हेही तसलंच. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कमध्ये दव धरतं, आणि त्या ओल्या चकतीवर हेड उतरतं. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड आणून बसवण्याचाही फारसा उपयोग होत नाही. बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं लिहिलेली असतात, ती चिप काढून नव्या बोर्डवर डकवावी लागते.

विश्रामबागेतल्या स्टुडिओची डिस्क

विश्रामबागेतल्या एका फोटोग्राफरची दोन टीबीची डिस्क एडिटिंग चालू असताना वायरीत पाय अडकून फरशीवर आपटली. त्याने पुन्हा जोडली, पाच-सहा टक ऐकले, मोटर थांबली, आणि सुदैवाने त्याने तिथेच वायर काढली. चालू असताना पडलेली, म्हणून आम्ही ती परत जोडलीच नाही. त्याऐवजी बसून यादी केली: या डिस्कवर आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही असं नेमकं काय?

सुरुवातीला तो म्हणत होता, "सगळंच गेलं." यादी करताना चित्र बदललं. विट्याच्या लग्नाचं एक मेमरी कार्ड अजून फॉरमॅटच झालेलं नव्हतं. दुसरं फॉरमॅट झालेलं पण नंतर वापरलेलं नव्हतं, त्यातले फोटो `photorec` ने आले. अल्बमची तयार पानं कोल्हापुरातल्या अल्बम छापणाऱ्याकडे होती. हायलाइटचा व्हिडिओ पार्टीच्या मोबाइलवर होता. शेवटी उरलं ते एका बारशाचं आणि दोन लग्नांचं मूळ शूटिंग. त्याच्यासाठी लॅबचा खर्च करायचा का, हा प्रश्न आता नीट मांडता आला. हेड बदलायच्या कामाला बहुतेक वेळा पाच आकडी रक्कम लागते. दोन्ही लग्नांचे पैसे यायचे होते, म्हणून त्याने करायचं ठरवलं.

डिस्क पुण्याला गेली. लॅबने कळवलं, चारपैकी एक हेड वाकलंय आणि त्या बाजूच्या चकतीवर कडेला बारीक ओरखडा आहे. त्यांनी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळवून तिची हेडं बसवली. अशी बसवलेली हेडं किती काळ टिकतील याचा भरवसा नसतो, म्हणून आधी काय उतरवायचं हे लॅबला सांगावं लागतं. आमची यादी तयारच होती. फोल्डरची नावं त्याच क्रमाने दिली.

बारसं आणि एक लग्न पूर्ण आलं. दुसऱ्या लग्नाच्या काही क्लिप मध्येच थिजतात. हे असं का होतं ते कळलं तर अपेक्षा नीट ठेवता येते. मोठी फाइल एकाच चकतीवर नसते, ती तुकड्यातुकड्याने सगळ्या बाजूंवर पसरलेली असते. चारपैकी एक आख्खी बाजू गेली तर तीन चतुर्थांश फायली वाचतात असं होत नाही. लहान फोटो बरेचसे वाचतात, पण तासाभराच्या जवळपास प्रत्येक व्हिडिओला भोकं पडतात. इथे ओरखडा अरुंद पट्ट्यापुरता होता म्हणून एवढ्यावर निभावलं.

लॅबला देताना

फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. तपासणीचे पैसे किती आणि काही निघालं नाही तर काय आकारणार? डिस्क तुमच्याकडेच उघडणार की पुढे पाठवणार? आणि पूर्ण पैसे देण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का? ‘शंभर टक्के गॅरंटी’ असं न बघताच सांगणाऱ्याकडे देऊ नका. ओरखडा आहे की नाही हे उघडल्याशिवाय कोणालाच कळत नाही. सांगलीतून पुण्याला कोणी जाणारं असेल तर हातात देणं सर्वांत चांगलं. कुरिअरने पाठवायची तर अँटिस्टॅटिक पिशवीत, चारी बाजूंनी निदान दोन बोटं जाड फोम, आणि बॉक्समध्ये हलायला जागा नको. जुन्या वर्तमानपत्राचे बोळे प्रवासात दबतात.

डेटा परत आला की फोल्डरचा आकार बघून समाधान मानू नका. लॅबने न वाचलेल्या जागी शून्यं भरलेली असू शकतात, आकार तेवढाच दिसतो. प्रत्येक मोठा व्हिडिओ सुरुवात, मध्य आणि शेवट असा ओढून बघा, फोटोंची थंबनेल नाही तर मोठं चित्र उघडा. हे होईपर्यंत लॅबला त्यांच्याकडची प्रत पुसू नका असं लेखी कळवा. बहुतेक जण काही दिवसच ठेवतात.